आयईएल्टीएस अकॅडमिक टास्क 1: उसापासून साखरेचं चित्र, दोन नकाशे आणि चुकणारा कर्मणी प्रयोग

मृण्मयी_प

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत अकॅडमिक टास्क 1 मध्ये दिलेल्या चित्राचं वर्णन लिहायचं असतं. सरावासाठी उसापासून साखर बनवण्याचं चित्र घेतलं आहे. क्रमांक दिलेले सात टप्पे आहेत. पहिल्यात शेतातला ऊस आहे आणि खाली 12 ते 18 महिने असं लिहिलंय. दुसऱ्यात तोडणी: एका बाजूला कोयता घेतलेला माणूस, दुसऱ्या बाजूला यंत्र, मध्ये 'ऑर'. तिसऱ्यात ऊस चिरडून रस निघतो. चौथ्यात तो रस चुनखडीच्या फिल्टरमधून जाऊन शुद्ध होतो. पाचव्यात इव्हॅपोरेटर आहे, त्यात रसाचं सिरप होतं. सहाव्यात सेंट्रिफ्यूज सिरपमधून साखरेचे दाणे वेगळे करतो. सातव्यात वाळवणं आणि थंड करणं.

माझा मुख्य परिच्छेद असा आहे. या फलकावर इंग्रजीही देवनागरीतच लिहितो, म्हणून तसाच देते:

"फर्स्टली, दे ग्रो शुगर केन फॉर 12 टू 18 मंथ्स. सेकंडली, फार्मर्स कट इट बाय हँड. देन मशीन कट इट. आफ्टर दॅट, ज्यूस इज कम आउट. आफ्टर दॅट, ज्यूस इज प्युरिफाय बाय लाइमस्टोन. देन सिरप इज बिकम. ॲट लास्ट, शुगर इज ड्राय अँड कूल."

क्लासमध्ये दोनच शेरे मिळाले: 'पॅसिव्ह चुकले' आणि 'जोडणी यांत्रिक'. नेमकं कुठे आणि का चुकलं ते कळलं तर पुढच्या चित्रात उपयोग होईल.

सागर७७

सोपं आहे. प्रोसेस डायग्राम म्हणजे सगळी वाक्यं पॅसिव्हमध्ये. प्रत्येक क्रियापदाआधी इज किंवा आर लावायचं, पुढे तिसरं रूप, आणि शेवटी 'बाय' लावून कोणी केलं ते सांगायचं. हा नियम पाळला की झालं.

वृषाली जोग

सागर, अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यामुळेच मृण्मयीचं 'इज कम आउट' आणि 'इज बिकम' झालंय. तिने तुम्ही सांगता तोच नियम लावला आहे. इंग्रजीत कम आणि बिकम यांना कर्मणी रूपच नाही. इज लावून ते तयार होत नाही.

ही चूक मराठी माणसाच्या हातून का होते ते बघू, कारण उपायही तिथेच आहे. प्रक्रिया सांगताना मराठीत आपण 'ऊस तोडला जातो' असं सहसा म्हणत नाही. 'ऊस तोडतात, रस काढतात, गाळतात' असं म्हणतो. कोण तोडतात ते सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. हाच '-तात' तसाच इंग्रजीत उचलला की 'दे ग्रो' होतं. मग वाचणारा विचारतो, हे 'दे' कोण? तेव्हा पहिली खूण ही: मनात कर्ता नसलेलं '-तात' आलं की इंग्रजीत कर्मणी करायचं. तोडतात म्हणजे 'इज हार्वेस्टेड', चिरडतात म्हणजे 'इज क्रश्ड'.

दुसरी खूण क्रियापदांच्या जोड्यांची. मराठीत आपोआप होणाऱ्या आणि कोणीतरी करण्याच्या क्रियेला वेगवेगळे शब्द आहेत: गळणे-गाळणे, तुटणे-तोडणे, वाळणे-वाळवणे, आटणे-आटवणे. इंग्रजीत ड्राय, कूल, बॉइल, ग्रो, इव्हॅपोरेट हे एकेकच शब्द दोन्ही कामं करतात, म्हणून गोंधळ उडतो. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. 'ऊस वाढतो' असं म्हणायचं असेल तर 'शुगर केन ग्रोज', तिथे इज नको. 'ऊस पिकवतात' म्हणायचं असेल तर 'शुगर केन इज ग्रोन'. दोन्ही बरोबर आहेत. 'इज ग्रो' हे मात्र कुठेच बसत नाही.

आता तुमची वाक्यं. रस 'बाहेर येतो' म्हणायचं असेल तर 'द ज्यूस कम्स आउट', पण ते बोलण्यातलं वाटतं. 'काढतात' धरा आणि 'द ज्यूस इज एक्स्ट्रॅक्टेड' लिहा. रसाचं सिरप 'होतं' याला 'द ज्यूस टर्न्स इंटू सिरप' किंवा 'बिकम्स सिरप', साधी कर्तरी रचना.

शेवटचं म्हणजे 'इज प्युरिफाय' आणि 'इज ड्राय अँड कूल'. इथे कर्मणीची निवड योग्य आहे, फक्त रूप अर्धवट राहिलं: 'इज प्युरिफाइड', 'इज ड्राइड अँड कूल्ड'. दोन क्रियापदं 'अँड'ने जोडली की दुसऱ्याचा शेवट हमखास गळतो, कारण बोलताना तो ऐकूच येत नाही. लिहून झालं की प्रत्येक इज आणि आरवर बोट ठेवून पुढच्या दोन्ही शब्दांचे शेवट तपासा. एक मिनिट लागतं.

सागर७७

जोड्यांचा मुद्दा पटला. पण 'साखर तयार होते' याचं काय? मराठीत ते आपोआप होणारं आहे. तुमच्या खुणेने 'शुगर प्रोड्यूसेस' होईल.

वृषाली जोग

बरोबर पकडलंत, ही खूण तिथे तुटते. 'होणे' लावून केलेली क्रियापदं फसवी असतात, कारण 'तयार होते' यात आपोआप आणि कोणीतरी केल्याने हे दोन्ही अर्थ मावतात. प्रोड्यूस आणि मेक यांना नेहमी करणारा लागतो, म्हणून 'शुगर इज प्रोड्यूस्ड'. 'होतं' दिसलं की विचारायचं, याला 'करतात' लावता येतं का? साखर तयार करतात, हे चालतं, म्हणजे कर्मणी. उलट्या बाजूचं उदाहरण 'टेक प्लेस'. 'इज टेकन प्लेस' हे किती उत्तरांत दिसतं! ते कायम 'टेक्स प्लेस'च.

आणि 'बाय'बद्दल. 'बाय फार्मर्स', 'बाय वर्कर्स' जवळजवळ कधीच लागत नाही. तोडणीत मात्र 'आयदर बाय हँड ऑर बाय मशीन' लागतं, कारण चित्रातली माहितीच ती आहे. मृण्मयी, तुमच्याकडे इथे भाषेपेक्षा मोठी चूक आहे. 'फार्मर्स कट इट बाय हँड, देन मशीन कट इट' म्हणजे आधी माणसं तोडतात, मग यंत्र पुन्हा तोडतं. चित्रात 'ऑर' आहे. हे पर्याय आहेत, टप्पे नाहीत. व्याकरणाची चूक व्याकरणाच्या खात्यात जाते, पण ही टास्क अचीव्हमेंटमध्ये जाते, कारण माहितीच चुकीची पोचली.

बॉयलिंगहाऊस

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून लिहितो. हे चित्रच चुकीचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस चुनखडीच्या फिल्टरमधून जात नाही. रसात चुन्याचं दूध घालतात, गंधकाचा वायू सोडतात, गरम करतात, मग क्लॅरिफायरमध्ये गाळ खाली बसतो. इव्हॅपोरेटर आणि सेंट्रिफ्यूजच्या मध्ये पॅन आहे, दाणा तिथे धरतो, तो टप्पाच गायब आहे. रस काढून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरला जातो, मळी वेगळी निघते. हे सगळं लिहिलं तर परीक्षकाला कळेल की लिहिणाऱ्याला विषय येतो. आणि 150 शब्दही सहज भरतील.

हर्षद_नाशिक

दादा, तुमची माहिती अगदी बरोबर आहे आणि नेमकी म्हणूनच ती या उत्तरात घातक आहे. टास्क 1 मध्ये साखर कशी बनते हा प्रश्न नसतो, हे चित्र काय दाखवतं हा असतो. चित्रात बगॅस नाही तर उत्तरात बगॅस नाही. पॅन नाही तर पॅन नाही. बाहेरची माहिती घातली की ती संबंध नसलेली धरली जाते, आणि 20 मिनिटांतली दोन-तीन तिच्यावर जातात. आपल्या भागातल्या मुलांना ऊस इतका ओळखीचा आहे की चित्र नीट न बघताच लिहायला लागतात. ओळखीच्या विषयात लेबलांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

150 शब्द भरायचे ते चित्रातूनच. लेबल नामात असेल तर त्याचं क्रियापद करा. 'क्रशिंग' लिहिलंय, तर 'द केन इज क्रश्ड' आणि त्यापुढे बाणाच्या टोकाला रस आहे, म्हणून 'टू एक्स्ट्रॅक्ट द ज्यूस'. प्रत्येक यंत्राला तीन गोष्टी असतात: आत काय जातं, त्यात काय होतं, बाहेर काय येतं. त्या सांगितल्या की शब्द आपोआप होतात.

आता 'जोडणी यांत्रिक' या शेऱ्याकडे. मृण्मयीताई, तुमच्या सात वाक्यांपैकी प्रत्येक वाक्य क्रमदर्शक शब्दाने सुरू होतं आणि 'आफ्टर दॅट' लागोपाठ दोनदा आहे. गुणदानाच्या वर्णनांत अशा शब्दांचा अतिवापर हा 5 बँडच्या खात्यात नावानिशी आहे. सात टप्प्यांना वाक्याच्या सुरुवातीचे तीन-चार शब्द पुरे. बाकीचा क्रम वाक्याच्या पोटात बसवा.

त्यासाठी आपल्याकडे आयतं '-ल्यावर' आहे. 'ऊस तोडल्यावर तो चिरडतात' म्हणजे 'वन्स द केन हॅज बीन हार्वेस्टेड, इट इज क्रश्ड'. आधी संपलेल्या क्रियेला 'हॅज बीन', आत्ताच्या टप्प्याला 'इज'. दुसरी जागा इज आणि क्रियापदाच्या मध्ये: 'द ज्यूस इज देन प्युरिफाइड'. तिसरी, यंत्राच्या नावाला लागून 'व्हेअर': 'इट इज हीटेड इन ॲन इव्हॅपोरेटर, व्हेअर इट टर्न्स इंटू सिरप'. या शेवटच्या वाक्यात कर्मणी आणि कर्तरी शेजारी शेजारी आहेत. तापवतात आणि होतं. वृषालीताईंची खूण इथे पूर्ण दिसते.

सावध राहायची जागा '-ऊन'. 'ऊस चिरडून रस गाळतात' हे मराठीत निर्दोष, कारण चिरडणारे आणि गाळणारे एकच लोक, न सांगितलेले. त्यावरून मुलं लिहितात, 'आफ्टर बीइंग क्रश्ड, द ज्यूस इज फिल्टर्ड'. इंग्रजी कर्मणीत रस कर्त्याच्या जागी येऊन बसतो आणि वाक्याचा अर्थ होतो, रस चिरडल्यावर रस गाळतात. 'आफ्टर बीइंग' किंवा 'बिफोर बीइंग' वापरायचं तर दोन्ही बाजूंना तीच वस्तू हवी: 'द क्रिस्टल्स आर ड्राइड बिफोर बीइंग कूल्ड'. वस्तू बदलली की 'वन्स' वापरा आणि दोन्ही नावं लिहा.

'ॲट लास्ट' काढून टाका. त्याचा अर्थ 'एकदाचं झालं बाई' असा निघतो. 'फायनली' किंवा 'इन द फायनल स्टेज'.

अश्विनी_डोंबिवली

मी पण टास्क 1 ची तयारी करतेय पण मला कॉलेजला पत्र लिहायचा प्रश्न आला होता. त्यातही पॅसिव्ह लागतात का? आणि चित्र कुठे असतं?

वृषाली जोग

अश्विनी, पत्र जनरल ट्रेनिंगच्या पेपरात असतं. चित्र, आलेख, नकाशे फक्त अकॅडमिकमध्ये. तुम्ही ज्यासाठी परीक्षा देताय तिथे कोणता प्रकार मागितलाय ते फी भरण्याआधी बघून घ्या. पत्राला हा धागा लागू नाही.

हर्षद_नाशिक

ओव्हरव्ह्यू राहिला. मृण्मयीताईंनी तो दिला नाहीये की लिहिलाच नाहीये माहीत नाही, पण तो नसेल तर बाकी सगळं सुधारूनही टास्क अचीव्हमेंट 5 च्या आसपास अडकतं. प्रक्रियेत त्यात तीनच गोष्टी येतात: किती टप्पे, कुठून कुठे, आणि त्यांचे मोठे गट कोणते. इथे पहिले दोन शेतातले, उरलेले पाच प्रक्रियेचे. 'ओव्हरऑल, देअर आर सेव्हन स्टेजेस, बिगिनिंग विथ द ग्रोइंग ऑफ द केन अँड एंडिंग विथ द ड्राइंग अँड कूलिंग ऑफ द शुगर.' त्यापुढे, 'द फर्स्ट टू टेक प्लेस इन द फील्ड, व्हाइल द रेस्ट इन्व्हॉल्व्ह प्रोसेसिंग.'

तोडणीची दोन चित्रं म्हणून आठ मोजू नका. क्रमांक दिलेत तेवढेच.

सागर७७

ओव्हरव्ह्यू शेवटी लिहावा. कन्क्लुजन असतो तो.

हर्षद_नाशिक

जागेवर गुण नाहीत, शेवटीही चालतो. मी दुसऱ्या परिच्छेदात लिहायला सांगतो, कारण वेळ संपली तर शेवटचं राहून जातं. कन्क्लुजन मात्र तो नाही. 'साखर आरोग्याला वाईट' छापाचं मत इथे मागितलेलं नसतं.

वृषाली जोग

मला तो शेवटी लिहिणं जास्त सोपं वाटतं. सगळे टप्पे लिहून झाल्यावर गट स्पष्ट दिसतात. ज्याची वेळ हाताशी असते त्याने तसं करावं.

पेडण्याची_वाट

नकाशांना पण हेच सगळं लागू का? माझ्याकडे एका किनाऱ्यावरच्या गावाचे दोन नकाशे आहेत, 1985 चा आणि आजचा. मी लिहिलं: "फर्स्ट, द फिशिंग हार्बर वॉज डिसअपिअर्ड. नेक्स्ट, ए हॉटेल हॅज बीन बिल्ट इन 1985. देन द रोड इज एक्स्पांड टू नॉर्थ ऑफ द व्हिलेज."

वृषाली जोग

नकाशात सगळ्यात आधी फर्स्ट, नेक्स्ट, देन खोडा. दोन नकाशे म्हणजे दोन क्षण. बंदर आधी गेलं की हॉटेल आधी आलं हे त्यांत कुठेच लिहिलेलं नाही. क्रम लावला की तुम्ही माहिती तयार केलीत. प्रक्रियेत बाण असतात म्हणून क्रमाचे शब्द, नकाशात बाण नाहीत म्हणून जागेचे शब्द. तीन नकाशे असतील, तर पहिल्या ते दुसऱ्या आणि दुसऱ्या ते तिसऱ्या काळात काय बदललं एवढा क्रम सांगता येतो. एकाच काळातल्या बदलांचा आपसातला क्रम तरीही सांगता येत नाही. म्हणून परिच्छेदही क्रमाने न पाडता गावाच्या भागांप्रमाणे पाडा: किनारा, मग मधलं गाव, मग वरचा भाग.

'वॉज डिसअपिअर्ड' ही उसाचीच चूक. नाहीसं झालं, 'नाहीसं करतात' हा इथला अर्थ नाही, म्हणून 'हॅज डिसअपिअर्ड'. 'काढून टाकलं' म्हणायचं तर 'हॅज बीन रिमूव्ह्ड'. त्या जागी हॉटेल दिसत असेल तर 'द हार्बर हॅज बीन रिप्लेस्ड बाय अ होटेल'. दोन नकाशांतला फरक एका वाक्यात सांगणारी याहून उपयोगी रचना मला माहीत नाही.

काळाचं आता. मराठीत 'हे हॉटेल 1985 साली बांधलेलं आहे' बिनदिक्कत म्हणतात. साल आणि 'आहे' सुखाने नांदतात. इंग्रजीत संपलेलं साल आणि 'हॅज बीन' एकत्र बसत नाहीत. शिवाय 1985 च्या नकाशात ते हॉटेल नाहीच, म्हणजे ते त्यानंतर कधीतरी बांधलं. तुमच्याकडे दुसरा नकाशा आजचा आहे, म्हणून 'हॅज बीन बिल्ट' किंवा 'सिन्स 1985, अ होटेल हॅज बीन बिल्ट'. दुसरा नकाशा 2005 चा असता, तर तोही काळ संपलेला, म्हणून 'वॉज बिल्ट'. आणि पुढचा आराखडा असेल तर 'विल बी बिल्ट'. नकाशांवरची सालं आधी वाचायची, क्रियापद नंतर.

बॉयलिंगहाऊस

दिशेचं माझ्या लक्षात आलं. 'गावाच्या उत्तरेला' म्हणजे गावाच्या आत उत्तरेच्या बाजूला की गावाबाहेर? मराठीत दोन्ही होतं.

वृषाली जोग

होय, आणि इंग्रजीत दोन्ही वेगळी आहेत. आत असेल तर 'इन द नॉर्थ ऑफ द व्हिलेज', बाहेर असेल तर 'टू द नॉर्थ ऑफ द व्हिलेज'. हद्दीची रेघ कुठे आहे ते बघून ठरवायचं. रस्त्याचं वाक्य मग असं: 'द रोड हॅज बीन एक्स्टेंडेड टू द नॉर्थ ऑफ द व्हिलेज'. एक्स्पांड हा आकार पसरण्यासाठी, रस्ता लांबवला तर एक्स्टेंड, रुंद केला तर वाइडन.

सागर७७

चित्रातले शब्द तसेच वापरले तर कॉपी धरतात ना? 'क्रश'ऐवजी 'प्रेस' लिहावं का?

हर्षद_नाशिक

प्रश्नाचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर ते शब्द मोजत नाहीत. लेबलांचं तसं नाही. लाइमस्टोन, सेंट्रिफ्यूज यांना दुसरा शब्द शोधू नका, अर्थ बदलतो. क्रशला प्रेस करावं का यावर मतं वेगळी आहेत. मी करत नाही, रूप बदलणं पुरेसं समजतो.

वृषाली जोग

मी एखाद-दुसरा बदलते, अर्थ तंतोतंत जुळत असेल तरच. हार्वेस्टला कट चालतं. क्रशला प्रेस इथे चालेल असं माझं मत.

मृण्मयी_प

सगळं वाचून परिच्छेद पुन्हा लिहिला. ओव्हरव्ह्यू खरंच लिहिला नव्हता, तो वर घातलाय. हे त्याखालचं:

"शुगर केन इज ग्रोन फॉर 12 टू 18 मंथ्स अँड इज देन हार्वेस्टेड आयदर बाय हँड ऑर बाय मशीन. वन्स इट हॅज बीन कट, द केन इज क्रश्ड टू एक्स्ट्रॅक्ट द ज्यूस, व्हिच इज प्युरिफाइड बाय बीइंग पास्ड थ्रू अ लाइमस्टोन फिल्टर. द प्युरिफाइड ज्यूस इज हीटेड इन ॲन इव्हॅपोरेटर, व्हेअर इट टर्न्स इंटू सिरप. नेक्स्ट, अ सेंट्रिफ्यूज सेपरेट्स द शुगर क्रिस्टल्स फ्रॉम द सिरप. इन द फायनल स्टेज, द क्रिस्टल्स इज ड्राइड अँड कूल्ड."

सेंट्रिफ्यूजचं वाक्य कर्तरी ठेवलं, कारण तिथे करणारं यंत्र चित्रात नावासकट आहे. हे चालेल का?

हर्षद_नाशिक

चालेल, आणि सगळी वाक्यं एका साच्याची होत नाहीत हा फायदाही आहे. शेवटच्या वाक्यात मात्र क्रिस्टल्स अनेकवचनी आहे: 'आर ड्राइड अँड कूल्ड'. रस, सिरप, साखर सगळे एकवचनी, त्या ओघात इज आलं. दाणे आले की आर.